घाटातली उलटी, फेनरगनची बाटली आणि दीड वर्षाचं मूल

प्रश्न : गणपतीला आम्ही डोंबिवलीहून देवरुखला गाडीने जातोय, रात्रीचा प्रवास आहे. मुलगी सात वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा, दोघांनाही प्रवासात उलटी होते. सासूबाई म्हणतात निघताना फेनरगनचं अर्धं झाकण पाजा, गावाला पोचेपर्यंत झोपतात, आम्ही आमच्या मुलांना हेच दिलं. मागे मुलाच्या अंगावर कोलंबी खाऊन पित्त उठलं होतं तेव्हाही हेच औषध दिलं होतं आणि काही झालं नाही. मग आता द्यायला हरकत आहे का? मुलीला ॲव्होमिनची अर्धी गोळी चालेल का?

उत्तर :

मुलाला देऊ नका. अर्धं झाकणही नको, पाव झाकणही नको. मुलीचं वेगळं आहे, तिच्याबद्दल शेवटी लिहितो. मी चिपळूण भागात लहान मुलं बघतो आणि गणपती आणि मे महिना या दोन हंगामांत हा प्रश्न दारात येतोच, कधी प्रवासाआधी फोनवर, कधी पहाटे गाडीतून थेट दवाखान्यात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक घोळ मिटवू. फेनरगन आणि ॲव्होमिन ही दोन नावं असली तरी आतलं औषध एकच, प्रोमेथाझिन. क्षार वेगळा आहे एवढंच. फेनरगनच्या सिरपमध्ये ५ मिलीत ५ मिलिग्रॅम असतं, ॲव्होमिनची गोळी २५ मिलिग्रॅमची. हे सांगायचं कारण असं की घरात एकाने सिरप पाजलं आणि दुसऱ्याने वाटेत ‘उलटीची गोळी’ चुरून दिली तर मुलाच्या पोटात तेच औषध दोनदा जातं, आणि देणाऱ्याला वाटतं आपण दोन वेगळी औषधं दिली.

हे जुन्या पिढीतलं ॲलर्जीचं औषध आहे, १९४० च्या दशकातलं. त्या पिढीच्या औषधांचा गुणधर्म असा की ती रक्तातून मेंदूत सहज शिरतात. ॲलर्जीत खाज उठवणारं जे हिस्टामिन, तेच मेंदूत माणसाला जागं ठेवायचं काम करतं. प्रोमेथाझिन ते दोन्हीकडे अडवतं. म्हणून खाजही थांबते आणि गुंगीही येते. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून मेंदूतल्या उलटीच्या केंद्राकडे जाणारे संदेशही ते दाबतं, म्हणून गाडी लागण्यावर ते खरोखर चालतं. औषध वाईट नाही. मोठ्या माणसाला कुंभार्ली उतरताना ते उपयोगी पडतं, मीही लिहून देतो. गुंगी साधारण अर्ध्या तासात सुरू होते, चार ते सहा तास चांगली टिकते, आणि बऱ्याच जणांत बारा तासांपर्यंत रेंगाळते. संध्याकाळी गोळी घेतलेला माणूस सकाळी आरतीला जांभया देत उभा असतो, तो याचमुळे.

आता दीड वर्षाच्या मुलात काय होतं ते बघा. झोप लागली की आपल्या सगळ्यांच्याच घशाचे स्नायू सैल पडतात. लहान मुलाची श्वासनलिका मुळातच अरुंद, जीभ तोंडाच्या मानाने मोठी, डोकं शरीराच्या मानाने जड. साध्या झोपेत घसा थोडा आवळला गेला, हवा कमी पडली, तर मेंदूला ते कळतं आणि मूल अर्धवट जागं होऊन मान हलवतं, कूस बदलतं, कुरकुरतं, पुन्हा झोपतं. आईला वाटतं, झोपेत चाळवलं. खरं म्हणजे त्या क्षणी त्याने स्वतःचा श्वास मोकळा करून घेतलेला असतो. प्रोमेथाझिन घशाचे स्नायू आणखी ढिले करतं आणि हे जागं होणंच काढून घेतं. वरून श्वास घेण्याची मेंदूची प्रेरणाही मंद करतं. म्हणजे अडथळा वाढतो आणि सुटकेची वाट बंद होते, दोन्ही एकाच वेळी.

हा नुसता तर्क नाही. १९८५ साली बेल्जियममधल्या डॉक्टरांनी काही निरोगी तान्ह्या बाळांना हे औषध देऊन त्यांच्या झोपेची नोंद केली होती. आधी ज्यांना काही त्रास नव्हता त्या बाळांचा श्वास औषधावर असताना झोपेत मध्येमध्ये थांबू लागला. पुढे अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावल्याच्या, काहींच्या मृत्यूच्याही नोंदी जमा झाल्या. त्यावरून दोन वर्षांखाली हे औषध अजिबात देऊ नये असा चौकटीतला इशारा औषधाच्या माहितीपत्रकावर आला आणि २००६ मध्ये त्यांनी तो डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना पुन्हा बजावून सांगितला. ऑस्ट्रेलियाने तर आता सहा वर्षांखाली देऊ नका असं सांगितलंय.

त्या इशाऱ्यातलं एक वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि तुमच्या ‘अर्ध्या झाकणा’चं उत्तर तिथेच आहे. ज्या मुलांना त्रास झाला त्यांना वजनाच्या हिशेबात दिलेले डोस एकसारखे नव्हते, कमीही होते, जास्तही होते. म्हणजे अमुक इतक्या मिलिग्रॅमच्या खाली भीती नाही, अशी रेषा काढता येत नाही. एरवी औषधांत ‘थोडंच दिलं’ हा युक्तिवाद चालतो. या वयात, या औषधापुरता तो चालत नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी खोटं ठरवत नाही. त्यांच्या मुलांना काही झालं नाही, तुमच्या मुलालाही पित्ताच्या वेळी काही झालं नाही. बहुतेक वेळा काही होतच नाही, म्हणून तर हे औषध घराघरांत टिकलं. पण झोपेत दहा-बारा सेकंद श्वास थांबून पुन्हा सुरू झाला तर अंधाऱ्या गाडीत ते कोणाला कळणार? कळतं ते त्या एका रात्री, जेव्हा औषधासोबत आणखी काहीतरी जुळून येतं. सर्दीने नाक बंद असतं, किंवा दुसरं गुंगीचं औषध पोटात असतं, किंवा मान वाकडी पडलेली असते.

तसं एकदा कसं जुळून आलं ते सांगतो. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदललेत.

सोळा महिन्यांचा मुलगा, वजन साडेनऊ किलो, गणपतीला ठाण्याहून गुहागरकडे निघालेलं कुटुंब. मुलाला दोन दिवस सर्दी होती. रात्री नऊला निघताना आजीने घरात असलेलं सर्दीचं सिरप पाजलं. त्यात क्लोरफेनिरामिन होतं, तेही गुंगी आणणाऱ्या जुन्या पिढीतलंच. (क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिनच्या एकत्र सिरपवर ‘चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये’ असं छापा, असा आदेश आपल्याकडच्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढलाय. घरातली बाटली जुनी असेल तर त्यावर ते नसेल.) पेणच्या पुढे गाडी अडकली, मूल किरकिरायला लागलं, साडेअकराच्या सुमाराला फेनरगनचे ५ मिली दिले. वीस मिनिटांत त्याने दूध ओकलं. औषधही पडलं असं समजून पुन्हा ५ मिली.

इथे थांबून हिशेब करू. दोन्ही मिळून १० मिलिग्रॅम, साडेनऊ किलोच्या मुलाला. म्हणजे किलोमागे एक मिलिग्रॅमहून थोडं जास्त. ज्या वयात हे औषध चालतं त्या मोठ्या मुलांना गाडी लागण्यासाठी किलोमागे अर्धा मिलिग्रॅम धरतात. म्हणजे मोठ्या मुलाच्या दुप्पट, आणि तेही ज्याला मुळीच द्यायचं नाही त्याला. पहिल्या डोसातलं किती उलटीत गेलं ते कोणालाच सांगता येत नाही. वीस मिनिटांत बरंचसं पोटातून पुढे गेलेलं असू शकतं. उलटी झाली म्हणून गुंगीचं औषध पुन्हा पाजणं ही चूक मी वारंवार बघतो.

एकच्या सुमाराला मूल गाढ झोपलं. आई मागच्या सीटवर, मूल मांडीवर, वर एसीचा गारवा लागू नये म्हणून ओढणी. मान पुढे झुकलेली, हनुवटी छातीला टेकलेली. दोनच्या पुढे ते घोरायला लागलं, एरवी घोरत नव्हतं. सर्दी आहे म्हणून घोरतंय, असं घरच्यांना वाटलं. खेडच्या पुढे चहाला थांबले तेव्हा घोरणं बंद झालेलं होतं आणि सगळ्यांना बरंच वाटलं. मावशीने ओढणी बाजूला केली, तर छाती आत-बाहेर होत होती पण नाकाशी हात धरला तर हवा लागत नव्हती. मग एकदम मोठी घरघर करून एक श्वास आला, आणि पुन्हा सगळं शांत. मावशी नर्सिंगचं काम केलेल्या. त्यांनी चहा तिथेच ठेवला, मुलाला मांडीवरून उचलून सीटवर कुशीवर झोपवलं, हनुवटी वर उचलून धरली, आणि तशीच धरून परशुराम घाट उतरून माझ्याकडे आणलं.

मी बघितलं तेव्हा श्वास मिनिटाला चौदा होते. या वयाचं मूल झोपेतही साधारण वीस ते तीस घेतं. ऑक्सिजन ८८, अंग गार आणि घामाशिवाय कोरडं, तळव्याला जोरात चोळल्यावर फक्त पाय किंचित ओढला, रडलं नाही. जबडा पुढे ओढून धरला, नाकातला शेंबूड ओढून काढला, मास्कने ऑक्सिजन लावला, आणि काही मिनिटांत आकडा ९७ वर आला. रक्तातली साखर बघितली, ठीक होती. ईसीजी काढला, कारण हे औषध जास्त झालं की हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम करू शकतं. कृत्रिम श्वासाची पिशवी हाताशी ठेवली, लागली नाही. पुढचे दहा तास नुसती पहारेदारी होती. दुपारी ते चिडचिड करत उठलं, झोकांड्या खात चाललं, संध्याकाळपर्यंत ठीक झालं.

उतारा काही नाही, हे लोकांना माहीत नसतं. अफूच्या जातीच्या औषधांवर नॅलॉक्सोन चालतं, ते यावर चालत नाही. औषध शरीरातून निघून जाईपर्यंत श्वास चालू ठेवायचा, एवढाच उपचार. म्हणून हा प्रकार जिथे ऑक्सिजन आणि डोळे लावून बसणारं माणूस आहे तिथे झाला तर मूल वाचतं, आणि कशेडीच्या बोगद्यात गाड्यांच्या रांगेत झाला तर कठीण.

या सगळ्यात मला सर्वांत वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या मुलाला औषधाची गरजच नव्हती. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी लागणं फार विरळा. तो त्रास साधारण दोन वर्षांनंतर सुरू होतो आणि सहा-सात ते बारा या वयात सगळ्यांत जास्त असतो. तेव्हा तुमचा दीड वर्षाचा मुलगा प्रवासात ओकतो ते गाडी लागून, हे गृहीतच मला पटत नाही. या वयाच्या मुलाची प्रवासातली उलटी बहुतेक वेळा तीन कारणांनी असते. निघताना ‘वाटेत भूक लागेल’ म्हणून बाटलीभर दूध पाजलेलं असतं आणि खड्ड्यांत ते वर येतं. सर्दी-खोकल्यात गिळलेला कफ खोकल्याच्या उबळीसरशी बाहेर पडतो. किंवा मुलाला खरोखरच काहीतरी आजार सुरू झालेला असतो.

त्या तिसऱ्या कारणासाठी तर हे औषध आणखीच नको. ताप असताना उलटी, जुलाबाची सुरुवात, हिरवी उलटी, पोट फुगणं, मूल मलूल होणं, डोक्याला मार लागल्यानंतरची उलटी, या सगळ्यांत आम्ही मूल किती जागं आहे यावर बरंच ठरवतो. गुंगीचं औषध दिलेलं असेल तर ते मूल आजाराने सुस्त आहे की औषधाने, हे कोणालाच सांगता येत नाही. उलटी थांबवायचीच असेल तर डॉक्टर मूल तपासून ऑन्डान्सेट्रॉन देतात, त्याने गुंगी येत नाही. साध्या उलटीला तेही लागत नाही.

तर मुलासाठी प्रवासात हे करा. निघण्याआधी दीड-दोन तास मऊ भात किंवा पेज असं हलकं जेवण, दूध नेहमीपेक्षा कमी. नाक बंद असेल तर सलाइनचे थेंब टाकून निघा. वाटेत दूध एकदम नको, थोडं थोडं. मुलाच्या कार सीटमध्ये बसवत असाल तर पाठ मागे कललेली राहील आणि हनुवटी छातीवर पडणार नाही एवढं बघा. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून मुलाला बाहेर काढा. ओकलं तर दहा मिनिटं काही देऊ नका, मग ओआरएस चमच्याने, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. बाटलीने पाजलं तर तहानेने घटाघटा पिऊन पुन्हा ओकेल. आणि रात्रीचाच प्रवास का? मूल झोपतं म्हणून, हे कबूल. पण मागच्या सीटवर अंधारात मुलाचा चेहरा दिसत नाही. पहाटे चारला निघालात तर संगमेश्वरला पोचेपर्यंत उजेड असतो.

कोणी आधीच पाजलं असेल तर काय, हेही सांगून ठेवतो, कारण असे फोन येतात. भांडण नंतर करा. आधी कोणतं औषध, किती आणि किती वाजता, हे कागदावर लिहा आणि बाटली सोबत ठेवा. उलटी काढायला मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोट घालू नका. गुंगीत ओकलं तर ते श्वासनलिकेत जातं. सर्दी-खोकल्याचं दुसरं कुठलंही सिरप त्या रात्री नको. तापात झटके येतात म्हणून ज्या मुलांना क्लोबाझाम किंवा फेनोबार्बिटोन चालू आहे त्यांना तर लगेच दवाखान्यात न्या, कारण दोन्ही औषधं मिळून श्वास दाबतात. इतर दोन वर्षांखालच्या मुलांनाही डॉक्टरांना दाखवलेलंच बरं. पोचेपर्यंत मुलाला कुशीवर ठेवा, अंगावर पांघरूण असलं तरी छाती आणि तोंड दिसलं पाहिजे.

श्वास मोजायचा तो पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास अनियमित असतो. छाती हलते आहे एवढ्यावर समाधान मानू नका, नाकाशी हाताची मागची बाजू धरून हवा लागते का बघा. त्या मुलाची छाती हलत होतीच. नव्याने घोरणं, मध्येच श्वास थांबून मग जोरात ओढला जाणं, गळ्याखालचा खळगा किंवा बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणं, मिनिटाला वीसपेक्षा कमी श्वास, यातलं एकही दिसलं तर वाट बघत बसायचं नाही. तळवा जोरात चोळा. औषध घेतलेलं मूलही चिडून रडलं पाहिजे, हात झटकला पाहिजे. नुसता पाय हलला आणि पुन्हा ढिलं पडलं तर ती झोप नाही. ओठ निळे दिसतात का ते बघताना सावळ्या मुलांत फसायला होतं, म्हणून जीभ आणि हिरड्या बघा, मोबाइलच्या पांढऱ्या उजेडात.

असं काही दिसलं तर गाडी बाजूला घ्या, मूल सपाट ठेवून हनुवटी किंचित वर करा, तोंडात काही असेल तर काढा, १०८ ला फोन करा. बऱ्याचदा हनुवटी उचलल्यावरच श्वास मोकळा होतो. श्वास येतच नसेल तर छातीच्या मध्यभागी, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल जाईल इतकं तीसदा दाबा, मग तोंडाने दोन श्वास, मदत येईपर्यंत हेच. फोन स्पीकरवर ठेवा, पलीकडचा माणूस सांगत राहतो.

आता कोलंबीचं. अंगावर पित्त उठलं होतं आणि औषधाने बसलं, म्हणून ते औषध सुरक्षित, असा अर्थ निघत नाही. नुसत्या पित्ताला, म्हणजे लाल गांध्या आणि खाज एवढंच असेल तर, सेटिरिझिनसारखं नव्या पिढीतलं औषध डॉक्टर वजनाप्रमाणे देतात आणि ते पुरतं. त्यानेही काही मुलं थोडी पेंगतात, पण प्रोमेथाझिनशी त्याची तुलना नाही. खरी भीती वेगळी आहे. कोलंबी, कुर्ल्या, तिसऱ्या यांची ॲलर्जी पुढच्या वेळी नुसत्या कातडीवर थांबेलच असं नाही. गांध्यांबरोबर खोकला, आवाज बसणं, धाप, पुन्हा पुन्हा उलटी किंवा मूल एकदम ढिलं पडणं, यातलं काही आलं तर तिथे कुठलंही पित्ताचं औषध, जुनं असो की नवं, जीव वाचवत नाही. तिथे ॲड्रिनालिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यावं लागतं, आणि ते पहिल्या काही मिनिटांत. अशा मुलाला घरी फेनरगन पाजलं तर ते शांत झोपतं, घरच्यांना वाटतं उतार पडला, आणि घसा आतून सुजत राहतो. गावाला गेलात की गौरी-गणपतीनंतर घरात तिखटा स्वयंपाक होणारच. मुलाला कोलंबी, खेकडा, तिसऱ्या आणि त्यांचं कालवण, सगळंच लांब ठेवा. तेच पळी-पातेलं वापरू नका हेही स्वयंपाकघरात आधीच सांगून ठेवा. परत आल्यावर ॲलर्जीची नीट तपासणी करून घ्या.

मुलीकडे येतो. सात वर्षांच्या मुलीला गाडी लागते हे पटण्यासारखं आहे, ते वयच आहे. ॲव्होमिनची अर्धी गोळी म्हणजे साडेबारा मिलिग्रॅम, पाच ते दहा वर्षांसाठी तेवढीच देतात. पण तुमच्या डॉक्टरांना तीन गोष्टी सांगून मगच. ती झोपेत घोरते का किंवा टॉन्सिल-ॲडेनॉइड वाढलेले आहेत का, दमा किंवा झटक्यांचा त्रास आहे का, आणि सध्या दुसरं कुठलं औषध चालू आहे का. यातलं काही असेल किंवा त्या दिवशी ताप-कफ असेल तर गोळी नको. सगळं ठीक असेल तर निघायच्या तासभर आधी द्या. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी पडते तरी किंवा उशिरा लागू होते. एक डोस, प्रवासभर तेवढाच. ती ओकली तरी पुन्हा नाही.

काही मुलांना या औषधाने झोप न येता उलटंच होतं, मूल बेचैन होतं, बडबडतं, सीटवर उड्या मारतं. तसं झालं तर आणखी अर्धी गोळी देऊन शांत करायला जाऊ नका. क्वचित मान एका बाजूला वळून ताठरते, डोळे वर फिरतात, जबडा आवळतो. दिसायला भयंकर, पण डॉक्टरांकडे इंजेक्शनने काही मिनिटांत उतरतं. या औषधाने घाम कमी येतो आणि तोंड कोरडं पडतं, म्हणून पोचल्यावर दमट उन्हात लगेच मिरवणुकीत नेऊ नका, पाणी पाजत राहा. त्या दिवशी विहिरीवर, नदीवर, विसर्जनाच्या गर्दीत तिला एकटी सोडू नका. दिसायला जागी असली तरी तोल आणि लक्ष जागेवर आलेलं नसतं.

मला विचाराल तर मी आधी गोळीशिवायच प्रयत्न करून बघेन. मागच्या सीटवर मधोमध बसवा, म्हणजे तिला पुढचा रस्ता दिसेल. पट्टा मात्र नीट लागला पाहिजे. मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक घाटात बंद. काच थोडी उघडी, गाडीतला सुगंधी डबा काढून टाका, त्या वासाने निम्म्या मुलांना मळमळतं. चालवणाऱ्याला वळणावर करकचून ब्रेक मारू नको म्हणून सांगा. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तुमच्या वाटेवर वळणं तशीही कमी झालीत. आणि गोळी दिलीच, तर पाकीट तुमच्या पर्समध्ये चेन लावून ठेवा. गावाकडे सामान उतरवताना पिशव्या ओसरीवर पसरतात, आणि दीड वर्षाचं मूल सगळ्यांत आधी पिशवीतच हात घालतं. पंचवीस मिलिग्रॅमची एक अख्खी गोळी त्याने गिळली, तर मी वर सांगितलेल्या मुलाच्या अडीचपट औषध त्याच्या पोटात असेल.